तरुण हात, बंद दारे : चंद्रपूर-गडचिरोलीचा लाभांश कुठे गेला?

'भारत हा तरुणांचा देश आहे' हे वाक्य आपण पंधरा ऑगस्टच्या भाषणात ऐकतो, गुंतवणूक परिषदेच्या जाहिरातीत वाचतो आणि निवडणुकीच्या सभेत त्यावर टाळ्याही वाजवतो. अर्थशास्त्रात याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. शब्द शेअर बाजारातून आलेला आहे. कंपनीला नफा झाला तर भागधारकाला लाभांश मिळतो, कंपनी तोट्यात असेल तर हातात नुसता कागद राहतो. तरुण लोकसंख्येचेही तसेच आहे. रोजगार असेल तर ती देशाची कमाई वाढवते, रोजगार नसेल तर ती फक्त जनगणनेतील एक आकडा असते.

ही गोष्ट आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचित कुठे दिसत असेल. कोळसा, लोहखनिज, चुनखडी, बांबू, सागवान, पाणी, वीज हे सगळे येथे आहे. तरुणही आहेत. तरीही धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातील गावेच्या गावे मिरची तोडायला तेलंगणात जातात. एवढी संपत्ती आणि एवढे तरुण एकाच जिल्ह्यात असताना लाभांश कुठे गेला, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

आधी हिशेब समजून घेऊ

समजा, शंभर माणसांचे एक गाव आहे. पूर्वी जन्मदर जास्त होता, म्हणून 40 लहान मुले, 8 म्हातारी माणसे आणि 52 कामाच्या वयाची माणसे. त्यांतली 40 जण काम करतात आणि प्रत्येक जण दिवसाला 100 रुपयांचे उत्पन्न काढतो. गावाचे उत्पन्न 4,000 रुपये, म्हणजे माणशी 40 रुपये.

पुढच्या पिढीत मुले कमी जन्मली. आता गावात 25 मुले, 10 म्हातारी आणि 65 कामाच्या वयाची माणसे आहेत. पूर्वीच्याच प्रमाणात काम मिळाले तर 50 जण कामावर असतील. गावाचे उत्पन्न 5,000 होईल, माणशी 50 रुपये. कोणाची मजुरी वाढली नाही, नवे यंत्र आले नाही, तरी माणशी उत्पन्न पाव हिश्शाने वाढले. खाणारी तोंडे तेवढीच राहिली आणि कमावणारे हात वाढले. हाच लाभांश. पूर्व आशियाच्या भरभराटीवर डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन यांनी 1998 साली जो अभ्यास मांडला, त्यात त्या वाढीचा तिसऱ्या हिश्शापर्यंतचा भाग अशा वयोरचनेमुळे आला असावा असा अंदाज होता.

आता तेच गाव, पण काम पूर्वीइतकेच, म्हणजे 40 जणांपुरते. उत्पन्न 4,000 च राहील, माणशी 40 रुपये. वाढ शून्य. आणि रिकामे बसलेले पूर्वी 12 होते, ते आता 25.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे. काम 40 जणांपुरतेच आहे, पण वाढलेले 10 तरुण घरी न बसता त्याच शेतात उतरतात. सरकारी पाहणीत 50 जण 'कामावर' दिसतात. उत्पन्न मात्र 4,000 च, म्हणजे प्रत्येक काम करणाऱ्याच्या वाट्याला 100 ऐवजी 80 रुपये. कागदावर बेरोजगारी नाही आणि गावात गरिबी वाढलेली. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवा, कारण आपल्या धानपट्ट्याची कहाणी तीच आहे.

बाबासाहेबांनी हे 1918 सालीच सांगितले होते

आज विद्यापीठात 'छुपी बेरोजगारी' शिकवताना परदेशी अर्थतज्ज्ञांची नावे घेतली जातात. बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध 1918 सालचा आहे. त्या वेळी शेतीचे तुकडे होतात म्हणून शेती तोट्यात जाते, असा विचार जोरात होता. बडोदा संस्थानाच्या समितीचा आणि मुंबई प्रांतातील कीटिंग यांचा उपाय होता तुकडे एकत्र करा, जमीन वाटली जाऊ देऊ नका.

बाबासाहेबांनी प्रश्न उलटा करून पाहिला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्या शेतावर भांडवल किती आणि माणसे किती यावर ठरते, असे त्यांनी दाखवले. जमिनीवर पोट भरणारी माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत आणि त्यांना दुसरीकडे काम नाही, म्हणून जमिनीचे तुकडे पडतात. तुकडे हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे. रिकामे श्रम उत्पादनात भर घालत नाहीत, पण खातात. त्यामुळे जी बचत भांडवल झाली असती ती पोटात जाते. त्यांचा उपाय होता औद्योगिकीकरण, म्हणजे जमिनीवरची जादा माणसे दुसऱ्या उत्पादक कामाला लावणे. शेतीचा प्रश्न शेतीबाहेर सुटेल हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले.

लोकसंख्येची दुसरी बाजूही त्यांनी सोडली नाही. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेब होते. ठराव फेटाळला गेला. पण 1918 आणि 1938 एकत्र वाचले की विचार पूर्ण होतो : कुटुंब लहान करा आणि वाढणाऱ्या हातांना शेतीबाहेर काम द्या. यातले पहिले काम लोकांनी केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 इतका खाली आलेला आहे. दुसरे काम शासनाचे आणि भांडवलाचे होते. ते झाले का?

1956 ची मुले आणि 1975 च्या खाणी

चांदा जिल्ह्यात कोळसा इंग्रजांच्या काळातच निघू लागला. वरोऱ्याची सरकारी खाण 1870 च्या दशकातली, ती 1906 साली बंद झाली. पुढे बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात खाणी पसरल्या. 1945 साली बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी उभी राहिली आणि जंगलातला बांबू गिरणीकडे वाहू लागला. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजे आपली 'वेकोलि', नागपूर मुख्यालय घेऊन सुरू झाली. 1980 च्या दशकात दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आणि कोरपना-राजुरा भागातील सिमेंटचे मोठे कारखाने आले. जिल्ह्याच्या इतिहासात पक्क्या नोकरीची दारे सर्वांत जास्त उघडली ती याच दोन दशकांत.

आता दुसरी तारीख घ्या. 16 ऑक्टोबर 1956. नागपूरनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या वर्षी जन्मलेले मूल 1974 साली अठरा वर्षांचे झाले. म्हणजे दीक्षा घेतलेल्या घरांतील पहिली पिढी, जिला आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शाळेत घातले होते, ती नेमकी खाणींच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी कामाच्या वयात आली. वयाचा आणि रोजगाराचा असा मेळ शंभर वर्षांत एखाद्या वेळी बसतो. लाभांश मिळायचा तर तो तेव्हा मिळायला हवा होता.

पण मधे एक कायदा आडवा आला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये त्यात शीख आले. बौद्धांचा समावेश झाला 1990 मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. मधली चौतीस वर्षे केंद्र सरकारच्या आणि केंद्राच्या उपक्रमांच्या नोकरीत स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्याला अनुसूचित जातीचे आरक्षण नव्हते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, म्हणून वीज मंडळासारख्या राज्याच्या संस्थांत वाट थोडी मोकळी होती. पण वेकोलि केंद्राची. तिथे तरुणापुढे दोनच पर्याय होते : कागदावर हिंदू महार राहायचे किंवा खुल्या रांगेत उभे राहायचे. अनेकांनी पहिला पर्याय घेतला, त्यांना दोष देणारे आपण कोण? पोट आणि धम्म यांत निवड करायला लावणारी व्यवस्था दोषी होती.

1956 साली जन्मलेला तो मुलगा 1990 मध्ये 34 वर्षांचा होता. नोकरीत लागायचे वय त्याच्या हातून निसटत चालले होते. आणि पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, नवे आर्थिक धोरण आले आणि सार्वजनिक क्षेत्रातील भरतीला ओहोटी लागली. दार उघडले तेव्हा आतली गाडी निघायच्या तयारीत होती. लाभांश म्हणजे नुसती तरुणांची संख्या नव्हे हे येथे कळते. संख्या, काम आणि त्या कामाला हात लावण्याचा हक्क, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच तिसरा मुद्दा उचलला होता. चांगली मजुरी असलेल्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला उभेही राहू देत नव्हते. काम होते, हात होते, मधे जात होती.

कोळसा वाढला, हात घटले

कोणी म्हणेल, खाणी तर वाढतच आहेत, मग नोकऱ्याही वाढत असतील. कोल इंडियाचेच आकडे पाहू. 1990-91 च्या सुमारास कंपनीचे उत्पादन सुमारे 19 कोटी टन होते आणि कामगार साडेसहा लाखांच्या वर. 2023-24 मध्ये उत्पादन सुमारे 77 कोटी टन आणि कामगार सुमारे 2 लाख 28 हजार. कोळसा चौपट झाला आणि पक्के कामगार एक तृतीयांशाच्या आसपास उरले.

हे कसे घडले ते खाणीत काम केलेल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा. भूमिगत खाणीत कोळसा फोडणारा, टोपलीने टबमध्ये भरणारा लोडर, छताला टेकू देणारा, हॉलेज चालवणारा अशी माणसांची साखळी लागते. खुल्या खाणीत माती उचलायला शॉवेल आणि डंपर लागतात. शिवाय कोळशावरची माती काढण्याचे काम, ज्याला खाणीत 'ओबी' म्हणतात, ते मोठ्या प्रमाणात खासगी कंत्राटदाराला दिले जाते. ते कामगार वरच्या 2 लाख 28 हजारांत धरलेलेच नाहीत. म्हणजे सगळी माणसे गेली असे नाही. कायम नोकरी गेली आणि तिच्या जागी कमी पगाराचे, आज आहे उद्या नाही असे काम आले.

भूमिगत खाणीतले ते जीवघेणे काम पुन्हा आणा, असे कोणी म्हणणार नाही. यंत्राने माणसाचे कष्ट वाचवले तर चांगलेच आहे. पण वाचलेल्या हातांसाठी दुसरा उद्योग उभा राहिला नाही, तर यंत्राचा फायदा मालकाला आणि तोटा गावाला होतो.

आणि जी पक्की नोकरी उरली, ती कोणाला? कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणाचा हिशेब साधारण दोन एकर संपादित जमिनीमागे एक नोकरी असा आहे. नोकरी जमिनीला जोडलेली आहे, माणसाला नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या मुलाला नोकरी, आणि त्याच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या मुलाला काही नाही. शेत खाणीत गेले की मालकाला मोबदला आणि नोकरी मिळते, मजुराचे मात्र होते ते कामही जाते. राजुरा, भद्रावती, वणी पट्ट्यातील भूमिहीन कोण आहेत, हे मी वेगळे सांगायची गरज नाही.

गडचिरोली : वर्षातले मोजके दिवस

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10 लाख 72 हजार, त्यात अडतीस टक्क्यांहून अधिक आदिवासी आणि अकरा टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जाती. येथे माणसे कमी आणि भूभाग प्रचंड. 'लोकसंख्या वाढली म्हणून बेरोजगारी वाढली' असे ठोकून देणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. चौरस किलोमीटरमागे जेमतेम 74 माणसे, तरी काम नाही.

येथील वर्ष महिन्यांनी नव्हे, कामाच्या दिवसांनी मोजावे लागते. पावसात रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे धानाची कापणी, मग चुरणे. पाण्याची सोय नसलेली बांधी त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत मोकळी. उन्हाळ्यात मोहफूल आणि मे महिन्यात पंधरा-वीस दिवस तेंदूपत्ता. मधल्या काळात मिरची तोडणी. दोन एकर बांधीवर आईबाप आणि तीन तरुण मुले रोवणी करतात तेव्हा पाचही जण कामावर असल्याची नोंद होते. त्यातला एक जण पुण्याला गेला तरी धान तेवढेच पिकते. 1918 च्या निबंधातला रिकामा हात तो हाच.

देशपातळीवरही गाडी उलटी फिरली आहे. श्रमबल पाहणीनुसार शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 46.1 टक्के झाला. शेतीतून माणूस बाहेर पडायला हवा होता, तो परत शेतीत आला. शासन याला रोजगारवाढ म्हणते. आपल्या शंभर माणसांच्या गावाची तिसरी शक्यता आठवा.

गडचिरोलीने एक चांगला धडाही दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. जो बांबू वर्षानुवर्षे कागद गिरणीला स्वस्तात जात होता, त्याची किंमत ग्रामसभा ठरवू लागली. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः केला. यातून मजुराच्या हातात जास्त पैसा आला. पण मर्यादाही समजून घ्या. हक्काने दर वाढला, कामाचे दिवस फारसे वाढले नाहीत. तेंदूचे पान पंधरा दिवसांचेच आणि विडी दुसरीकडे वळली जाते. बांबू कच्चाच ट्रकमध्ये भरला, तर त्यातले वर्षभराचे काम जिथे कारखाना आहे तिथेच निर्माण होते.

एटापल्लीच्या सुरजागडबाबत हाच प्रश्न विचारायचा आहे. तेथे 2016 मध्ये खाणकाम सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाहनांची मोठी जाळपोळ झाली, काम थांबले आणि 2021 पासून पुन्हा सुरू झाले. ग्रामसभांचा विरोध, जंगलाचा आणि देवस्थानाचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. रोजगारापुरते बोलायचे तर डोंगर यंत्राने फोडायचा आणि माल ट्रकने न्यायचा, यात टन जास्त आणि माणसे कमी लागतात. कोळशाच्या पट्ट्याने हे आपल्याला आधीच शिकवले आहे.

'कौशल्य नाही' हा युक्तिवाद

यावर ठरलेले उत्तर येते : काम आहे, पण तरुणांकडे कौशल्य नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालात 2022 ची आकडेवारी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी 3.4 टक्के आणि पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. अशिक्षिताला जास्त काम मिळते असा याचा अर्थ नाही. त्याला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून मिळेल त्या मजुरीला तो उभा राहतो आणि 'रोजगारित' ठरतो. पदवीधर दोन वर्षे, चार वर्षे वाट पाहतो, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देतो. मुले कमी झाल्यामुळे घराची जी बचत झाली, ती या वाट पाहण्यात संपते. लाभांशाचा दुसरा हप्ता, म्हणजे कुटुंबाची बचत, तोही असा जातो.

दक्षिण कोरियात तरुण पिढी कामाच्या वयात आली तेव्हा आधी 1950 च्या सुमारास जमिनीचे फेरवाटप झालेले होते, मुले शाळेत गेलेली होती आणि 1960 च्या दशकात कापड, पादत्राणे यांसारखे, हजारो हात लागणारे कारखाने उभे राहिले. जमीन, शिक्षण आणि हातांना काम देणारा उद्योग. आपल्याकडे शिक्षण समाजाने स्वतःच्या बळावर मिळवले, बाकीच्या दोन गोष्टी झाल्याच नाहीत.

आता काय विचारायचे?

ही संधी एकदाच येते. आज कामाच्या वयात असलेली मोठी पिढी तीस-पस्तीस वर्षांनी म्हातारी होईल आणि 1.7 जननदराच्या महाराष्ट्रात तिच्या मागे येणारी पिढी लहान असेल. आज ज्याला पक्की नोकरी नाही, त्याला उद्या निवृत्तिवेतनही नसेल.

म्हणून यापुढे खाण किंवा कारखान्याची पर्यावरण जनसुनावणी लागली की केवळ घोषणा देऊन परत येऊ नका. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे, तो आधी वाचा. त्यात रोजगाराचा आकडा असतो. तो आकडा बांधकामाच्या दोन-तीन वर्षांपुरता आहे की प्रकल्प चालू असेपर्यंतचा, ते वेगळे करून मागा. त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, हे विचारा. त्या आकड्याला जाणाऱ्या जमिनीने भागा आणि त्या जमिनीवर आज किती जण वर्षातले किती दिवस राबतात त्याच्याशी तुलना करा. शेवटी, भूमिहीनाला नोकरीचा हक्क कोणत्या कलमाने मिळणार, हे लेखी मागा आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवला गेला की नाही ते पाहूनच सभागृह सोडा.

1975 साली आपल्या पिढीकडे हात होते आणि हक्क नव्हता. 1990 साली हक्क मिळाला आणि काम आटले. आज हात आहेत, हक्क आहे, शिक्षणही आहे. तेव्हा 'तरुणांचा देश' म्हणून कोणी आपली पाठ थोपटायला आला, तर त्याला एवढेच विचारा : कामे किती, कायम किती आणि त्यातली भूमिहीनांच्या मुलांना किती?